विश्लेषण : तासाभराच्या पॉडकास्टच्या ‘शो नोट्स’ कशा तयार होतात? एका ओळीच्या सारात ‘पण’ का हरवतो?

तासाभराचा पॉडकास्ट पूर्ण ऐकायला सगळ्यांनाच सवड नसते. बरेच जण खालचे वर्णन वाचतात, हवा तो विषय कुठल्या मिनिटाला आहे ते पाहतात आणि तेवढाच भाग ऐकतात. काही जण तोही ऐकत नाहीत, फक्त सार वाचून पुढे जातात. या वर्णनालाच ‘शो नोट्स’ म्हणतात. सात-आठ हजार शब्दांचे बोलणे दीडशे-दोनशे शब्दांत बसवताना काय ठेवायचे, काय टाकायचे आणि कुठे चूक झाली तर ती महागात पडते, हे एका उदाहरणातून पाहू.

शो नोट्समध्ये नेमके काय असते?

तीन गोष्टी असतात. पहिली, भाग कशाबद्दल आहे हे सांगणारी दोन-तीन वाक्ये. दुसरी, विषयांच्या खुणा, म्हणजे कोणत्या मिनिटाला कोणता विषय सुरू होतो त्याची यादी. तिसरी, त्यातल्या महत्त्वाच्या विषयांचे प्रत्येकी एका ओळीचे सार.

खूण आणि सार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते. ‘सर्पदंशानंतरचे प्रथमोपचार’ ही खूण झाली. ती फक्त विषय कुठे आहे ते दाखवते. ‘प्रथमोपचारांबद्दल डॉक्टरांनी उपयुक्त माहिती दिली’ हे मात्र सार नव्हे, कारण ते वाचून हाती काही लागत नाही. ‘चावा घेतलेला हात किंवा पाय हलवू नका, त्याला आधार देऊन स्थिर ठेवा’ हे सार. साराच्या वाक्यात क्रियापद असते आणि ते काहीतरी ठाम सांगते. ते वाचून माणूस तसे वागू शकतो. म्हणूनच ते चुकले तर नुकसानही करू शकते.

उदाहरण कोणते घेतले आहे?

समजावण्यासाठी एक भाग रचून घेऊ. ग्रामीण रुग्णालयात काम केलेल्या एका डॉक्टरांची सर्पदंशावरची मुलाखत आहे, मूळ रेकॉर्डिंग ५८ मिनिटांचे. गप्पांच्या ओघात मिनिटाला सव्वाशे ते दीडशे शब्द धरले, तर साधारण सात ते साडेआठ हजार शब्द होतात. हे सगळे शब्द उतरवलेली ट्रान्सक्रिप्ट संपादकाच्या हातात आहे.

विषय मुद्दाम असा निवडला आहे. सर्पदंशाच्या बाबतीत एखादी ओळ अर्धवट राहिली तर काय होईल, हे कोणालाही लगेच कळते. शिवाय नोट्स वाचणारा कदाचित रात्री अकरा वाजता, घरात कोणाला तरी साप चावल्यावर, मोबाइलवर घाईघाईने वाचत असेल. त्या वेळी ५८ मिनिटे ऐकायला कोणी बसणार नाही. त्याच्यासाठी ती एक ओळ म्हणजेच सगळा पॉडकास्ट.

ट्रान्सक्रिप्टवर थेट कात्री का चालवू नये?

ट्रान्सक्रिप्ट बहुतेक वेळा सबटायटलच्या साच्यात मिळते. `.srt` या फाइलमध्ये प्रत्येक तुकड्याला क्रमांक, सुरुवातीची व शेवटची वेळ आणि खाली एक-दोन ओळी असतात. हे तुकडे पडद्यावर किती शब्द मावतात आणि बोलणारा कुठे थांबला यावरून पडतात, अर्थावरून नाही. आपल्या उदाहरणातला हा भाग पाहा.

```
412
00:39:06,200 --> 00:39:10,800
प्रत्येक दंशाला लस लागतेच असं नाही

413
00:39:10,800 --> 00:39:16,500
पण ते आम्ही ठरवणार ना पेशंटला बघून

414
00:39:16,500 --> 00:39:22,100
चोवीस तास तरी त्याला ठेवून घेतोच आम्ही
```

घाईत नोट्स काढणाऱ्याची नजर ४१२ क्रमांकाच्या तुकड्यावर अडकते. वाक्य छोटे आहे, नवे आहे, काहीसे धक्कादायकही आहे. तो लिहून टाकतो : ‘सर्पदंशावर प्रत्येक वेळी लस लागत नाही.’ यातला एकही शब्द डॉक्टरांच्या तोंडी घुसडलेला नाही. तरीही ओळ घातक आहे. वाचणाऱ्याला वाटेल, आत्ता काही त्रास दिसत नाही, म्हणजे रुग्णालयात जायची गरज नाही.

डॉक्टरांचे म्हणणे नेमके उलटे आहे. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष शरीरात जातेच असे नाही आणि विष भिनल्याची लक्षणे किंवा तपासणीतला पुरावा असेल तरच लस देतात, हे खरे. पण ते ठरवायचे रुग्णालयात, आणि लक्षणे नसली तरी माणसाला २४ तास देखरेखीखाली ठेवायचे. म्हणून योग्य सार असे होईल : ‘लस द्यायची की नाही हे रुग्णालयातच ठरते, त्रास दिसत नसला तरी २४ तास देखरेख हवी.’

म्हणजे सार हा एखाद्या तुकड्यातून उचललेला शब्दसमूह नसतो. बोलणाऱ्याचे पूर्ण विधान कुठे सुरू झाले आणि कुठे संपले हे आधी पाहावे लागते. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. निवडलेल्या वाक्याच्या आधीची व नंतरची मिळून किमान अर्ध्या मिनिटाची ट्रान्सक्रिप्ट वाचायची आणि त्यात ‘पण’, ‘जर’, ‘तरच’, ‘नाहीतर’, ‘सोडून’, ‘आधी’ हे शब्द शोधायचे. मराठी माणूस बोलताना विधान आधी करतो आणि अट मागून जोडतो. ती अट बहुतेक वेळा यापैकीच एखाद्या शब्दाला धरून येते.

विषयांच्या खुणा कुठे टाकायच्या?

पहिल्या वाचनात काहीही कापायचे नाही. फक्त समासात खूण करायची : इथे प्रश्न बदलला. विषय म्हणजे श्रोत्याच्या मनातला एक प्रश्न. तो बदलला की विषय बदलला. सूत्रसंचालकाने नवा प्रश्न विचारला म्हणजे विषय बदललाच असे नाही, कारण बऱ्याचदा तो आधीचाच मुद्दा खोदत असतो. उलट पाहुणे एखादी आठवण सांगता सांगता स्वतःच दुसऱ्या विषयावर जातात, तिथे प्रश्न न विचारताही खूण लागते.

आपल्या ५८ मिनिटांत अशा पहिल्या वाचनातल्या खुणा २१ निघाल्या असे समजू. एवढी यादी मोबाइलवर कोणी वाचत नाही. मग शेजारच्या खुणा एकमेकींत मिसळायच्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर वेगवेगळे बोलणे झाले आहे, पण ऐकणाऱ्याचा प्रश्न एकच आहे : ‘कोणते साप विषारी?’ म्हणून चारांची एक खूण. मण्यारीचा भाग मात्र वेगळा ठेवायचा, कारण तिथे डॉक्टर नुसती ओळख सांगत नाहीत. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, वेदना फारशी होत नाही, दाताची खूणही सहज दिसत नाही आणि पहाटे पोटदुखी किंवा पापण्या जड होण्यापासून त्रास सुरू होतो, हे ते सांगतात. ‘साप चावल्याचे कळलेच नाही तर?’ हा स्वतंत्र प्रश्न आहे. सतराव्या मिनिटाला डॉक्टर विद्यार्थिदशेतल्या वसतिगृहाची गंमत सांगतात. ऐकायला ती छान आहे, पण तिला खूण नको.

अशा रीतीने २१ च्या आठ खुणा झाल्या. तासाभराच्या भागाला सहा ते दहा खुणा पुरतात. त्याहून कमी असतील तर शोधणे अवघड, जास्त असतील तर यादी वाचणेच काम होऊन बसते.

खुणेची वेळ उत्तराच्या सुरुवातीची न घेता प्रश्नाच्या सुरुवातीची घ्यावी. उत्तर ‘हो, पण फक्त सुरुवातीला’ असे सुरू होत असेल तर प्रश्न ऐकल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. मात्र काही सूत्रसंचालक प्रश्नाआधी मिनिटभर प्रस्तावना करतात. तिथे प्रस्तावना सोडून प्रत्यक्ष प्रश्नाचे शेवटचे वाक्य जिथे सुरू होते ती वेळ धरावी.

एकच मुद्दा दोन ठिकाणी आला तर?

नोट्स काढताना सर्वांत जास्त फसगत इथे होते. संभाषण सरळ रेषेत जात नाही. बाराव्या मिनिटाला सूत्रसंचालक विचारतो, ‘म्हणजे वरती दोरी आवळून बांधायची?’ डॉक्टर ठामपणे सांगतात, ‘अजिबात नाही.’ कापू नये, चोखू नये, बर्फ लावू नये, अंगठी, घड्याळ आणि बांगड्या काढाव्यात, कारण सूज येते, हेही ते सांगतात. तिथली ओळ सोपी वाटते : ‘आवळून काही बांधू नका.’

पण पुढे रुग्णालयातल्या तपासणीवर बोलताना, तेहतिसाव्या मिनिटाला, डॉक्टर पुन्हा त्याच दोरीकडे येतात. ‘लोक बांधून आणतातच. मग आम्ही सांगतो, वाटेत सोडू नका. इथे आल्यावर, सगळी तयारी ठेवून, आम्ही सोडतो.’ घट्ट आवळलेली दोरी अचानक सोडली तर अडून राहिलेले विष एकदम शरीरात पसरून प्रकृती बिघडू शकते, हे त्यामागचे कारण.

आता पहिल्या ठिकाणची ओळ एकटी वाचा. ज्याच्या पायाला शेजाऱ्यांनी आधीच दोरी बांधली आहे, तो ‘बांधू नका’ वाचून काय करेल? तो ती लगेच सोडेल. म्हणजे एका विषयाचे पूर्ण उत्तर एकवीस मिनिटांच्या अंतरावर, दोन तुकड्यांत पडलेले आहे आणि दुसरा तुकडा वगळला तर पहिला अपुरा आहे. सार लिहिताना दोन्ही एकत्र आणावे लागतात : ‘आवळून बांधू नका, आधीच बांधले असेल तर वाटेत सोडू नका, डॉक्टरांसमोरच सोडा.’

हे सापडावे कसे? सार लिहिण्याआधी त्या विषयाचा मुख्य शब्द पूर्ण ट्रान्सक्रिप्टमध्ये शोधायचा. ‘दोरी’, ‘बांध’, ‘आवळ’, ‘पट्टी’ असे तीन-चार शब्द टाकून पाहिले की तो मुद्दा किती ठिकाणी आला ते कळते. ‘बांधू’ असा पूर्ण शब्द न शोधता ‘बांध’ एवढेच टाकावे, म्हणजे ‘बांधायची’, ‘बांधून’, ‘बांधलेली’ ही सगळी रूपे सापडतात.

यंत्राने उतरवलेल्या मजकुरात काय चुकते?

ट्रान्सक्रिप्ट आता बहुधा आपोआप तयार होते आणि तिच्यातल्या चुका तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार नावांचा. ‘फुरसं’ या शब्दाचे ‘फुरसत’ होऊ शकते. ही चूक लगेच खटकते, म्हणून ती फारशी धोकादायक नाही.

दुसरा प्रकार बोलणाऱ्यांच्या अदलाबदलीचा. ‘दोरी आवळून बांधायची’ हा सूत्रसंचालकाचा प्रश्न होता. प्रश्नचिन्ह गळले आणि बोलणाऱ्याचे नाव चुकले की तो डॉक्टरांचा सल्ला होऊन बसतो. तिसरा प्रकार सर्वांत वाईट : नकार गळणे. बोलताना ‘नका’ किंवा ‘नाही’ हा शब्द वाक्याच्या शेवटी, आवाज उतरताना येतो. दोघे एकाच वेळी बोलत असतील तर नेमका तोच झाकला जातो. ‘बर्फ लावू नका’ मधला शेवटचा शब्द गेला तरी उरलेला मजकूर वाचायला विचित्र वाटत नाही. म्हणून चूक लक्षात येत नाही.

त्यामुळे नियम असा : ज्या वाक्यावरून सार लिहिले ते वाक्य मूळ आवाजात ऐकल्याशिवाय सार पक्के करायचे नाही. पूर्ण ५८ मिनिटे पुन्हा ऐकण्याची गरज नाही. सहा-सात सारांसाठी प्रत्येकी मिनिटभर ऐकले तरी पुरते.

आकडे कसे हाताळायचे?

बोलण्यातले आकडे ओघात येतात आणि नोट्समध्ये ते कोरल्यासारखे ठाम दिसतात. डॉक्टर एका ठिकाणी म्हणतात, ‘वर्षाला पन्नास-साठ हजार माणसं जातात आपल्या देशात.’ हा अंदाज निराधार नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार मृत्यू झाल्याचे अनुमान काढले होते. नोट्समध्ये आकडा द्यायचाच असेल तर ‘अभ्यासातील अनुमान’ असे शब्द जोडावेत. पडताळता आला नाही तर आकडा सोडून द्यावा. त्यावाचून सार अडत नाही.

दुसरा आकडा अधिक फसवा आहे. डॉक्टर ‘वीस मिनिटांची टेस्ट’ असा उल्लेख करतात. रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात. नंतर तिरकी करून पाहतात. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाच्या विषाचा परिणाम झाल्याचा तो संकेत असतो. पहिल्यांदा रक्त नीट गोठले तरी चाचणी ठरावीक वेळाने पुन्हा करतात. आता घाईत लिहिलेले सार पाहा : ‘२० मिनिटांत रक्ततपासणी महत्त्वाची.’ वाचणाऱ्याला वाटेल, चावल्यापासून २० मिनिटांत रुग्णालय गाठायला हवे होते, आता उशीर झाला. आकडा बरोबर, पण तो कशाचा आहे हेच गेले. म्हणून आकडा लिहिताना तो कशापासून कशापर्यंत मोजला हे त्याच ओळीत यायला हवे. तेवढी जागा नसेल तर आकडा गाळून ‘रक्त गोठते का हे पाहण्याची साधी चाचणी’ एवढेच म्हणावे.

वेळा का चुकतात?

ट्रान्सक्रिप्ट बहुधा मूळ रेकॉर्डिंगची असते आणि लोक ऐकतात ती संपादित फाइल. आपल्या भागाच्या सुरुवातीला ४० सेकंदांची धून आणि प्रायोजकाचा संदेश जोडला. शिवाय ४४व्या मिनिटाला डॉक्टरांना फोन आला होता, तो १ मिनिट १० सेकंदांचा भाग कापला. आता हिशेब असा : ४४व्या मिनिटाच्या आधीच्या प्रत्येक खुणेत ४० सेकंद मिळवायचे. त्यानंतरच्या खुणांत ४० सेकंद मिळवून ७० वजा करायचे, म्हणजे प्रत्यक्षात ३० सेकंद कमी करायचे. लसीचा विषय मूळ रेकॉर्डिंगमध्ये ३८:४५ ला होता, तो ३९:२५ ला गेला. गावातल्या अडचणींचा विषय ४७:२० ला होता, तो ४६:५० वर आला.

चूक राहिली आहे का हे ओळखायला सगळ्या खुणा तपासाव्या लागत नाहीत. प्रसिद्ध झालेल्या फाइलमध्ये सुरुवातीची दुसरी खूण, मधली एक आणि शेवटची, अशा तीन दाबून पाहाव्यात. तिन्हींत सारखाच फरक असेल तर सुरुवातीला जोडलेला भाग मोजायचा राहिला. शेवटचीच चुकत असेल तर मध्ये काहीतरी कापले किंवा घातले गेले आहे.

एका गोष्टीवर मात्र संपादकाचा ताबा नसतो. काही ऑडिओ ॲपवर जाहिराती ऐकण्याच्या वेळी घातल्या जातात आणि त्या प्रत्येकाला वेगळ्या लांबीच्या मिळतात. तिथे खुणेची वेळ काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत सरकू शकते. ‘जाहिरातींमुळे वेळा थोड्या पुढे-मागे होऊ शकतात’ ही ओळ शेवटी टाकणे एवढाच उपाय उरतो.

यूट्यूबचे नियम काय आहेत?

यूट्यूबवर वर्णनात लिहिलेल्या वेळांवरून व्हिडिओचे प्रकरणांप्रमाणे भाग पडतात. त्यासाठी यादीतली पहिली वेळ `0:00` असावी लागते, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने द्याव्या लागतात आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा असावा लागतो. पहिली खूण ‘परिचय’ म्हणून सोडून दिली आणि यादी `4:20` पासून सुरू केली, तर भाग पडत नाहीत. वेळा इंग्रजी आकड्यांतच टाकाव्यात.

मराठीसाठी आणखी एक अडचण आहे. यूट्यूबच्या तांत्रिक माहितीनुसार वर्णनाची मर्यादा ५००० बाइट आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागते, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘रुग्णालय’ या शब्दात अशी आठ चिन्हे आहेत, म्हणजे २४ बाइट. त्यामुळे इंग्रजीत सात-आठशे शब्द मावतील त्या जागेत मराठीचे अडीचशेच्या आसपास शब्द बसतात. त्यातच ओळख, श्रेय आणि इतर दुवेही येतात. म्हणून खुणा आणि सार मिळून दीडशे-दोनशे शब्दांचे लक्ष्य ठेवलेले बरे.

तयार नोट्स कशा दिसतील?

वरचे सगळे धरून आपल्या भागाच्या नोट्स अशा होतील.

```
0:00 परिचय
4:20 कोणते साप विषारी?
नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार प्रमुख; आपली लस याच चार विषांवर.
12:45 चावल्यावर आधी काय करायचे?
हात-पाय स्थिर ठेवा, अंगठी-बांगड्या काढा, लगेच रुग्णालयात न्या.
आवळून बांधू नका; आधीच बांधले असेल तर वाटेत सोडू नका,
डॉक्टरांसमोरच सोडा. (34:00 ला कारण)
22:10 झोपेत चावले आणि कळलेच नाही तर?
पहाटे पोटदुखी, जड पापण्या: खूण दिसत नसली तरी रुग्णालयात जा.
29:50 रुग्णालयात काय तपासतात?
39:25 लस कधी देतात?
हे रुग्णालयातच ठरते; त्रास नसला तरी २४ तास देखरेख हवी.
46:50 गावातून रुग्णालयापर्यंत
साप पकडण्यात, मारण्यात वेळ घालवू नका; १०८ ला फोन करा.
53:30 शेतात आणि घरात कशी काळजी घ्यायची?
अंधारात बॅटरी, शेतात गमबूट, झोपायला पलंग आणि मच्छरदाणी.
```

तपासणीच्या विषयाला मुद्दाम सार दिलेले नाही. तो भाग समजून घेण्यासारखा आहे, पण त्यात घरच्या माणसाने करण्यासारखे काही नाही आणि एका ओळीत तो बसवायला गेले तर २० मिनिटांचा घोळ होतो. प्रत्येक खुणेला सार हवेच असा नियम नाही. उलट जिथे एक ओळ अपुरी पडते तिथे नुसती खूण ठेवून श्रोत्याला त्या मिनिटाकडे पाठवणे अधिक प्रामाणिक ठरते.

डॉक्टरांचे ‘आमच्याकडे घोणशीच्याच केसेस जास्त’ हे वाक्यही नोट्समध्ये नाही. तो त्यांच्या तालुक्यातला अनुभव आहे. नोट्समध्ये ‘आमच्याकडे’ हा शब्द गळला असता आणि तो साऱ्या महाराष्ट्राचा निष्कर्ष वाटला असता.

प्रसिद्ध करण्याआधी शेवटची तपासणी कोणती?

भाग न ऐकलेल्या एखाद्याला फक्त साराच्या ओळी द्याव्यात, खुणाही नकोत. प्रत्येक ओळ वाचून तो काय करेल हे त्याने सांगावे. ते उत्तर पाहुण्यांना मान्य होईल का, एवढेच तपासायचे. ‘लस प्रत्येक वेळी लागत नाही’ ही ओळ वाचून कोणीही ‘मग घरीच थांबू’ म्हणेल आणि तिथेच ती पकडली जाईल. ‘२४ तास देखरेख हवी’ वाचून ‘रुग्णालयात जाऊ’ असे उत्तर येईल. ही तपासणी पाच मिनिटांत होते. पाहुण्यांनाही त्या सहा-सात ओळी पाठवून होकार घेता येतो. पूर्ण ट्रान्सक्रिप्ट वाचायला डॉक्टरांना वेळ नसतो, पण एवढ्या ओळी ते दोन रुग्णांच्या मधल्या वेळातही वाचू शकतात.

नोट्सची ओळ व्हॉट्सॲपवर पुढे जाते तेव्हा तिच्यासोबत आवाज, वेळ, कार्यक्रमाचे नाव यांतले काहीच जात नाही. म्हणून जी अट वगळल्यावर ओळीचा अर्थ बदलतो, ती अट ओळीतच असायला हवी. त्यासाठी ओळ चार शब्दांनी लांबली तरी चालेल. तेवढे शब्द कमी करायचेच असतील तर वसतिगृहाच्या गमतीसारख्या इतर अनेक जागा असतात.